शीर्षकातून ओळीत उतरलेला प्रश्न

समजा, एका वाचनालयाने आपल्या सभासदांना चार गोष्टींबद्दल विचारलं: पुस्तकांची निवड, उघडण्याच्या वेळा, बसायची जागा आणि बालविभाग. यातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल तुम्ही कितपत समाधानी आहात? उत्तरं तीनच: पूर्ण, बऱ्यापैकी, नाही. वाचनालयाच्या दोन शाखा आहेत, एक शहरात आणि एक गावात. भरून आलेले कागद कुणीतरी संगणकावर चढवतो आणि तक्ता असा दिसतो:

```
id,branch,q1,q2,q3,q4
1,शहर,पूर्ण,पूर्ण,बऱ्यापैकी,नाही
2,शहर,बऱ्यापैकी,पूर्ण,नाही,
3,गाव,नाही,बऱ्यापैकी,नाही,नाही
4,गाव,पूर्ण,बऱ्यापैकी,,नाही
5,गाव,बऱ्यापैकी,नाही,नाही,
```

एका माणसाची एक ओळ, एका प्रश्नाचा एक रकाना. माहिती भरणाऱ्याला यापेक्षा सोयीचं काही नाही. कागद हातात घ्यायचा, डावीकडून उजवीकडे टाइप करत जायचं, पुढचा कागद घ्यायचा. 1890 च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथच्या यंत्रांनी जी छिद्रांची कार्डं मोजली, तीही याच धर्तीची होती: माणसागणिक एक कार्ड आणि कार्डावर प्रत्येक बाबीची ठरलेली जागा. माहिती गोळा करताना माणूस एकेक करूनच समोर येतो, म्हणून तक्ताही माणसागणिक आडवा पसरतो.

मोजायला बसलं की मात्र याच तक्त्यातली एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. ‘पूर्ण’ हे उत्तर एका चौकटीत आहे. ते कुणाचं, हे त्याच ओळीत डावीकडे लिहिलंय. पण ते कशाबद्दलचं, हे ओळीत कुठेच नाही. ते वर, शीर्षकात आहे. म्हणजे ज्या चार गोष्टींसाठी हा सगळा खटाटोप केला, त्यांची नावं माहितीच्या आत नाहीतच. ती माहितीच्या डोक्यावर बसली आहेत. संगणकाला शीर्षक म्हणजे रकान्याचं नाव. नाव घेऊन तो रकाना शोधतो, पण नावांची बेरीज करत नाही, नावांप्रमाणे गट पाडत नाही, नावांची क्रमवारी लावत नाही. त्याच्या लेखी `q1` आणि `q2` या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. ते एकाच प्रश्नावलीतले पहिला आणि दुसरा प्रश्न आहेत, हे फक्त आपल्याला ठाऊक असतं.

आता हाच तक्ता उभा करायचा. शीर्षकातला प्रश्न खाली उतरवून ओळीत आणायचा:

```
id,branch,question,answer
1,शहर,q1,पूर्ण
1,शहर,q2,पूर्ण
1,शहर,q3,बऱ्यापैकी
1,शहर,q4,नाही
2,शहर,q1,बऱ्यापैकी
...
```

पाच माणसं, चार प्रश्न, वीस ओळी. एकही उत्तर गेलं नाही, एकही नवं आलं नाही. प्रत्येक चौकट आता स्वतःची ओळ घेऊन उभी आहे आणि त्या ओळीत तिची पूर्ण ओळख आहे: कोण, कुठल्या शाखेचा, कुठला प्रश्न, काय उत्तर. ओळ कात्रीने कापून दुसरीकडे नेली तरी तिचा अर्थ तसाच राहील. मला या क्षणाचं अजूनही नवल वाटतं. तक्ता नुसता वळवला, आणि इतका वेळ जे नाव होतं ते माहिती झालं.

आर या भाषेत हे वळवणं आणि नंतरची मोजणी मिळून एवढीच:

```r
long <- wide |>
  pivot_longer(q1:q4,
    names_to = "question",
    values_to = "answer")

long |> count(question, answer)
```

पहिल्या आज्ञेत तीनच गोष्टी सांगितल्या आहेत: कुठले रकाने उतरवायचे, त्यांची नावं कुठे ठेवायची आणि आतला मजकूर कुठे ठेवायचा. पायथॉनमध्ये pandas वापरणारे याला `melt` म्हणतात. एक्सेलच्या पॉवर क्वेरीत `id` आणि `branch` निवडून ‘Unpivot Other Columns’ वर टिचकी मारली की हेच होतं. तिथे नव्या रकान्यांची नावं आपोआप ‘Attribute’ आणि ‘Value’ अशी येतात.

दुसरी आज्ञा मोजणीची. ती म्हणते, प्रश्न आणि उत्तर यांच्या जोड्या लाव आणि प्रत्येक जोडी किती वेळा आली ते सांग. तिच्यात प्रश्नांची संख्या कुठेच नाही. चारऐवजी चाळीस प्रश्न असते तरी तिचं एक अक्षर बदललं नसतं. आडव्या तक्त्यावरही `COUNTIF` लिहून आकडे काढता येतात, सूत्र ओढत नेता येतं. ते चूक नाही. पण मग कुणी विचारतं, शाखेनुसार काय दिसतं? मग प्रत्येक सूत्र पुन्हा बांधावं लागतं. उभ्या तक्त्यात `count(branch, question, answer)` असा एक शब्द वाढतो, बस्स. सगळ्या प्रश्नांत मिळून सर्वांत जास्त नाराजी कुठे आहे, हा प्रश्न तर आडव्या तक्त्याला नीट विचारताही येत नाही. उभ्यात ती निव्वळ क्रमवारी आहे.

न्यूझीलंडचे संख्याशास्त्रज्ञ हॅडली विकहॅम यांनी 2014 साली ‘जर्नल ऑफ स्टॅटिस्टिकल सॉफ्टवेअर’मध्ये ‘टायडी डेटा’ हा निबंध लिहिला. अस्ताव्यस्त तक्त्यांचे जे नेहमीचे प्रकार त्यांनी सांगितले, त्यात पहिलाच हा: रकान्यांच्या शीर्षकांत चलांची नावं असायला हवीत, पण तिथे मूल्यंच जाऊन बसलेली असतात. त्यांचं उदाहरण अमेरिकेतल्या एका पाहणीचं होतं. ओळींत धर्म, आणि शीर्षकांत उत्पन्नाचे गट. दहा हजार डॉलरच्या आतलं उत्पन्न हे कुणाचं तरी उत्तर आहे, रकान्याचं नाव नव्हे. या विचाराचं मूळ ई. एफ. कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या संबंधाधारित माहितीसाठ्याच्या कल्पनेत आहे, हे विकहॅम स्वतःच सांगतात. `pivot_longer` ही आज्ञा त्यांच्या tidyr या संचात 2019 मध्ये आली. त्याआधी तिथे हेच काम `gather` करायची.

आता आपल्या वीस ओळींची मोजणी पाहू. पुस्तकांच्या निवडीबद्दल पूर्ण 2, बऱ्यापैकी 2, नाही 1. वेळांबद्दलही तेच. बसायच्या जागेबद्दल बऱ्यापैकी 1, नाही 3, आणि एक रिकामी. बालविभागाबद्दल नाही 3, आणि दोन रिकाम्या. या रिकाम्या चौकटींपाशी थोडं थांबायला हवं, कारण मोजणी बिघडते ती बहुतेक इथेच.

बालविभागाबद्दल असमाधानी किती टक्के? तीन भागिले पाच म्हणजे 60 टक्के. तीन भागिले तीन म्हणजे 100 टक्के. तक्ता तोच, आणि उत्तरांत चाळीस टक्क्यांचं अंतर. ज्या दोघांनी रकाना रिकामा सोडला, त्यांच्या घरात लहान मूल नसेल आणि ‘मुलं नसल्यास हा प्रश्न सोडा’ असं कागदावर छापलं असेल, तर तीन भागिले तीन हेच बरोबर. प्रश्न त्यांना विचारलाच नव्हता. पण विचारूनही त्यांनी उत्तर दिलं नसेल, तर ‘पाचांपैकी तिघे असमाधानी, दोघांनी उत्तर दिलं नाही’ असं सरळ लिहावं. रिकामी चौकट स्वतःहून यातलं काहीच सांगत नाही. म्हणून शहाणी प्रश्नावली ‘लागू नाही’ असं वेगळं उत्तर ठेवते आणि माहिती भरणारा ते वेगळं भरतो.

गंमत अशी की निरनिराळी साधनं या रिकाम्या चौकटींशी निरनिराळी वागतात. `pivot_longer` आणि `melt` त्यांची ओळ राखून ठेवतात. आपण मुद्दाम `values_drop_na = TRUE` सांगितलं तरच `pivot_longer` ती गाळतं. पॉवर क्वेरी मात्र एक्सेलच्या तक्त्यातल्या रिकाम्या चौकटी न विचारता गाळते. एसक्यूएल सर्व्हरमधलं `UNPIVOT` हेही तसंच वागतं. म्हणजे आपल्याच तक्त्याच्या कुठे वीस ओळी होतील, कुठे सतरा. म्हणून तक्ता उभा केल्याबरोबर पहिलं काम एकच: माणसं गुणिले प्रश्न हा गुणाकार करायचा आणि ओळी तेवढ्याच आहेत का ते पाहायचं. कमी पडल्या तर नेमक्या रिकाम्या चौकटींइतक्याच कमी आहेत का? जास्त भरल्या तर बहुधा कुणाचा तरी कागद दोनदा चढला आहे.

याची दुसरी बाजू आणखी गुपचूप घात करते. मोजणी फक्त जे आहे तेच मोजते. बालविभागाबद्दल ‘पूर्ण’ कुणीच म्हटलं नाही, म्हणून निकालात ‘q4, पूर्ण, 0’ अशी ओळ येतच नाही. चार प्रश्न आणि तीन उत्तरं यांच्या बारा जोड्या होतात. रिकाम्या सोडल्या तर आपल्या निकालात नऊच येतील. आलेख काढला तर बालविभागापुढे एकच खांब उभा राहील आणि पाहणाऱ्याला वाटेल की इतर पर्याय दिलेच नव्हते. शून्य हेही उत्तर आहे, आणि इथे तर तेच सर्वांत बोलकं उत्तर आहे. ते हातानं परत आणावं लागतं. tidyr मध्ये त्यासाठी `complete` आहे: शक्य त्या सगळ्या जोड्या मांडायच्या आणि जिथे काही नाही तिथे शून्य भरायचं.

यापुढचा धोका मुळाशी जातो. आडव्या तक्त्यात ओळ म्हणजे माणूस होता. उभ्या तक्त्यात ओळ म्हणजे एक उत्तर. हे विसरून कुणी विचारलं की गावातले सभासद किती, आणि ओळी मोजल्या, तर उत्तर येईल बारा. आहेत तिघंच. बारा हा आकडा इतका खोटा आहे की पाच जणांच्या पाहणीत तो लगेच खटकतो. पाचशे जणांच्या पाहणीत लोक टक्के काढतात, आणि टक्के खोटेपणा झाकतात. तीनास दोन आणि बारास आठ यांचं प्रमाण एकच, म्हणून चूक दिसतही नाही. पण रिकाम्या ओळी गाळल्या की गावाच्या दहा उरतात, शहराच्या सात. आता प्रमाणही हललं. ज्यानं जास्त प्रश्नांची उत्तरं दिली त्याचं वजन जास्त झालं. वय, उत्पन्न असं काही सोबत असेल आणि त्याची सरासरी उभ्या तक्त्यावर काढली, तर ती बोलक्या लोकांकडे झुकलेली निघते. माणसं मोजायची असतील तर ओळी नव्हेत, वेगवेगळे `id` मोजायचे.

याच `id` वर सगळं उलटं फिरवणंही अवलंबून आहे. उभा तक्ता `pivot_wider` ने पुन्हा आडवा करता येतो आणि तो मूळ तक्त्याशी तंतोतंत जुळला तर काही हरवलं नाही याची खात्री पटते. पण `id` चा रकाना नसेल, तर पाच माणसांच्या जागी दोनच ओळी येतात, एक शहराची आणि एक गावाची, आणि प्रत्येक चौकटीत उत्तरांचा गठ्ठा. कुठलं उत्तर कुणाचं, हे परत कधीच कळणार नाही. आडव्या तक्त्यात ओळीचं स्थान हीच माणसाची ओळख असते, म्हणून क्रमांक नसला तरी चालून जातं. तक्ता वळवण्याआधी प्रत्येक ओळीला क्रमांक द्यायचा तो यासाठी.

उभ्या तक्त्यात आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती मराठीतून माहिती गोळा करणाऱ्यांनी खास पाहण्यासारखी आहे. ‘बऱ्यापैकी’ हा शब्द दोन पद्धतींनी टाइप होतो. एका कळफलकावर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर उमटतं, त्यापुढे हलन्त आणि ‘य’. दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त, मग शून्य रुंदीचं एक जोडचिन्ह, आणि ‘य’. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात. संगणकाला ते वेगळे आहेत: एक्सेलमध्ये `LEN` विचारलं तर पहिल्याची लांबी 9, दुसऱ्याची 10. शहराचे कागद एकानं चढवले आणि गावाचे दुसऱ्यानं, असं झालं तर आपल्या पाच ‘बऱ्यापैकीं’चे दोन आणि तीन असे तुकडे पडतील आणि शाखेनुसार मोजताना शहरातले लोक एक उत्तर देतात, गावातले दुसरंच, असं भासेल. फरक कळफलकांचा, आणि वाटेल माणसांचा. आडव्या तक्त्यात हे एकेका रकान्यात विखुरलेलं असतं. उभ्यात सगळी उत्तरं एकाच रकान्यात असल्यामुळे नुसतं `count(answer)` म्हटलं की रिकाम्या सोडून तीनऐवजी चार उत्तरं समोर येतात आणि दोन जुळी एकाखाली एक उभी दिसतात. दुरुस्तीही एकाच रकान्यात, एकदाच. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण हे जोडचिन्ह काढत नाही, म्हणून एक रूप दुसऱ्यानं स्वतः सांगून बदलावं लागतं. ‘नाही’नंतर राहून गेलेली मोकळी जागाही याच यादीत सापडते.

हे सगळं पाच ओळींवर पाहिलं. पण तक्ता वळवल्यानं किती मोठी गोष्ट बदलते हे पाहायचं तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीकडे जावं. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ही पाहणी करते. 2019-21 च्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 7,24,115 स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. प्रत्येकीला तिच्या सगळ्या बाळंतपणांबद्दल विचारलं जातं: मूल मुलगा की मुलगी, ते आज हयात आहे का, नसल्यास कुठल्या वयात गेलं. स्त्रियांच्या फाइलमध्ये एका स्त्रीची एक ओळ आहे, आणि हे प्रश्न `b4_01`, `b5_01`, `b7_01` पासून `b4_20`, `b5_20`, `b7_20` पर्यंत आडवे पसरलेले आहेत. वीस मुलांची जागा प्रत्येकीसाठी. बहुतेक जागा रिकाम्या.

बालमृत्यूचा दर या फाइलमधून सरळ मोजता येत नाही. दर मुलांचा आहे, आणि इथे मुलाला स्वतःची ओळच नाही. ते आईच्या ओळीत, शीर्षकाच्या शेवटच्या दोन आकड्यांत राहतं.

```r
births <- women |>
  pivot_longer(
    matches("^b[457]_\\d\\d$"),
    names_to = c(".value", "slot"),
    names_sep = "_",
    values_drop_na = TRUE)
```

इथे शीर्षक मधोमध कापलं आहे. `_` च्या आधीचा भाग, म्हणजे `b5`, हा रकानाच राहतो, कारण हयात असणं आणि मृत्यूचं वय या दोन निराळ्या बाबी आहेत आणि त्या एका रकान्यात कोंबायच्या नाहीत. `.value` चा अर्थ तोच. नंतरचा भाग, `01` ते `20`, तेवढा खाली उतरतो. गाळण्याआधी या तक्त्याच्या ओळी 7,24,115 गुणिले 20, म्हणजे 1,44,82,300 होतात. सगळ्या बाबी रिकाम्या असलेल्या ओळी गळून पडल्या की उरतं ते एकेक मूल. हयात मुलाचा `b7` रिकामाच असतो, पण बाकीच्या बाबी भरलेल्या असल्यामुळे त्याची ओळ टिकते. एक सावधगिरी इथे हवीच: `01` म्हणजे पहिलं मूल नव्हे. या फाइलमध्ये सर्वांत अलीकडचं बाळंतपण आधी नोंदलेलं असतं. जन्मक्रम `bord_01` अशा वेगळ्या रकान्यांत आहे. खाली उतरलेल्या आकड्याला त्याचा खरा अर्थ विचारल्याशिवाय त्यावरून गट पाडू नयेत.

पाहणीकर्ते हा उभा तक्ता जन्मांची वेगळी फाइल म्हणून स्वतःच देतात, इतकी त्याची गरज नेहमीची आहे. आणि त्या फाइलमध्ये जिला मूल नाही अशी एकही स्त्री नाही. तिच्या साठच्या साठ चौकटी रिकाम्या होत्या, म्हणून तिची एकही ओळ उरली नाही. बालमृत्यूच्या दराला त्यानं काही फरक पडत नाही. त्या मोजणीत तिचं स्थान नव्हतंच. पण एका स्त्रीमागे सरासरी मुलं किती, हे कुणी याच फाइलवरून मुलं भागिले वेगवेगळ्या आया असं काढलं, तर आकडा वाढलेला येईल. त्यासाठी स्त्रियांच्या फाइलपासून सुरुवात करायची, जन्मांच्या फाइलमधून प्रत्येक आईची मुलं मोजून ती संख्या तिच्या ओळीला जोडायची, जिच्यापुढे काहीच जोडलं गेलं नाही तिच्यापुढे शून्य लिहायचं, आणि `v005` मधलं नमुन्याचं वजन प्रत्येक स्त्रीला एकदाच लावून सरासरी काढायची.